मदत हवी आहे: सोफ्यासाठी 'अ' कापड की 'ब'? (दिवसाउजेडातले फोटो जोडले आहेत)

मनीषनगर_रुची: तीन सीटचा सोफा नव्याने मढवायचा आहे. घरात दोन मुलं (वय ३ आणि ७), एक मांजर आणि पांढऱ्या केसांचा देशी कुत्रा. गांधीबागेतून दोन तुकडे आणलेत. 'अ' बेज, जाड विणीचं, वर बारीक गाठी-लूप. 'ब' गडद राखाडी-हिरवं, आखूड लवेचं मखमलीसारखं. दोन्ही पॉलिएस्टर आहेत असं दुकानदार म्हणतो. फोटो दुपारी बाल्कनीत काढलेत. त्यात 'अ' पिवळट दिसतंय आणि 'ब'ची एक बाजू फिकट. कापडात दोष आहे का?

धरमपेठ_दीप: मार्टिनडेलचा आकडा विचारा. घरच्या वापराला २५ हजारांच्या वर असेल तर बिनधास्त घ्या. ज्याचा आकडा जास्त, ते मांजरीलाही पुरून उरेल.

खामल्याच्या_काकू: आमच्याकडेही मांजर आहे. पडदे पार फाडून ठेवते. पडद्यांना कोणतं कापड चांगलं, तेही सांगा ना कोणी.

गादीकाम_अण्णा: काकू, पडद्याचा वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

दीप, आकडा विचारायलाच हवा, पण ती चाचणी घासण्याची आहे. कापड घासून किती टिकतं एवढंच त्यातून कळतं. नख घासत नाही, अडकतं आणि ओढतं. त्यामुळे ४० हजारांचं लूपवालं कापडही मांजर दोन दिवसांत विस्कटू शकते.

रुचीताई, सेफ्टी पिनचं टोक तुकड्यावर आडवं, अलगद ओढून बघा. 'अ'मध्ये लूप वर येईल, आणि एक धागा ओढला गेला की शेजारची वीणही आवळते. तो कधी उपटायचा नाही, वर आलेला भाग जाड सुईने मागच्या बाजूला ढकलायचा. 'ब'मध्ये नखाला धरायला लूपच नाही. पिनेची रेघ उठेल, ती हाताने पुसली जाते. मात्र मांजरीने नखं रोवून अंग ताणलं तर भोक 'ब'लाही पडेल.

फोटोतली फिकट बाजू हा दोष नाही. त्या अर्ध्या भागात लव उलट्या दिशेला बसली आहे. वरून खाली हात फिरवून पुन्हा फोटो काढा. आणि भर उन्हात नको, सकाळी दहाच्या सुमारास सावलीत, दोन्ही तुकडे एकाच फोटोत, शेजारी पांढरा कागद ठेवून. तो कागद फोटोत पिवळा आला तर 'अ'चा पिवळेपणा उजेडाचा किंवा बाजूच्या भिंतीचा समजा. शेवटी तुकडे सोफ्याच्याच जागी ठेवून रात्री दिवे लावून बघा. दिवसा जुळलेला रंग पिवळ्या दिव्यात वेगळाच दिसू शकतो.

ईशान_बजाजनगर: पण पांढरे केस गडद 'ब'वर किती दिसतील! 'अ'वर दिसणारच नाहीत.

गादीकाम_अण्णा: दिसणार नाहीत हे खरं, पण निघणारही नाहीत. लूपमध्ये केस विणल्यासारखे अडकतात. 'ब'वर ते वर राहतात, रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने फिरवला की गोळा होतात. कुत्र्याचे चार केस दोन्ही तुकड्यांवर घासून आजच बघता येईल. याच कापडात फिकट राखाडी मिळत असेल तर मी तोच घेईन.

मनीषनगर_रुची: पिन लावून पाहिली. 'अ'चा लूप लगेच वर आला. आता डागांचं सांगा. मोठ्याला सावजी रस्सा सोफ्यावर बसूनच खायचा असतो.

गादीकाम_अण्णा: तुकड्यावर चमचाभर रस्सा टाका, दहा मिनिटांनी चमच्याने खरवडा. मग पांढरं सुती फडकं दाबून टिपा, घासू नका. कपभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून त्यात भिजवलेल्या फडक्याने पुन्हा टिपा, शेवटी साध्या पाण्याने. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, पण तेल धरतं, म्हणून तर्रीचा डाग संत्र्याच्या रसापेक्षा चिवट. कपडे धुण्याचा साबण लावला तर हळद लाल होईल, घाबरू नका, स्वच्छ पाण्याने तो अंश काढून टाका. उरलेला पिवळेपणा उन्हात फिका पडतो, पण कापडाचा रंगही उडतो का ते तुकड्यावरच तपासा. सुकताना लव मऊ ब्रशने एकाच दिशेला बसवा.

ईशान_बजाजनगर: कुत्रा किंवा लहानगा सोफा ओला करेल त्याचं काय?

गादीकाम_अण्णा: तिथे कापडापेक्षा फोम महत्त्वाचा. गाद्यांना चेन लावून घ्या आणि आत फोमवर वेगळं पाणी न शिरणारं आवरण. पावसाळ्याच्या दमट हवेत भिजलेला फोम वाळत नाही, वास येतो.

मनीषनगर_रुची: म्हणजे 'ब', फिकट छटेत. दुकानात उद्या विचारते. शिवणाऱ्याला काही सांगायचं का?

गादीकाम_अण्णा: सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला, पाठीवर वरून खाली आणि बैठकीवर मागून पुढे, असं चिठ्ठीवर लिहून द्या. नाहीतर बैठक आणि पाठ दोन रंगांची दिसेल. कापड आडवं वळवता येत नसल्यामुळे थोडं जास्त लागतं, ते कापड घेण्याआधी त्याच्याकडूनच मोजून घ्या.

धरमपेठ_दीप: हातांवरही लव खालीच?

गादीकाम_अण्णा: बाहेरच्या बाजूला हो. हाताच्या वरच्या गोलाईवर कारागिरांमध्ये मतभेद आहेत, कापड वर ठेवून दोन्हीकडून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.