प्रति: डिक्रीचं भाषांतर

>> "फक्त शेवटचा आदेशाचा भाग भाषांतर करून दिला तर चालेल का?"

नाही चालणार, डिक्री म्हणजे कोर्टाचा निकाल परदेशात वापरायचा असेल तर पूर्ण भाषांतर लागतं. परदेशातलं कोर्ट निकाल बरोबर की चूक ते सहसा बघत नाही, ते बघतं की समोरच्याला नोटीस मिळाली होती का, त्याला बाजू मांडायची संधी होती का, आणि हे सगळं नेमकं आधीच्या पानांत असतं. समजा डिक्री एकतर्फी आहे आणि पान दोनवर एकच ओळ आहे, "समन्स बजावूनही प्रतिवादी गैरहजर", ती ओळ भाषांतरात गळली की समोरचा वकील म्हणणार माझ्या अशिलाला कळवलंच नव्हतं, मग बसा पुरावे शोधत.

शिक्के, मार्जिनमधल्या हातच्या नोंदी पण घ्यायच्या, वाचता येत नसेल तर "शिक्का अस्पष्ट" असं कंसात लिहायचं, अंदाजाने भरायचं नाही. डिक्रीत मुलाच्या ताब्याची ऑर्डर असेल आणि ती नंतर बदललेली असेल तर ती दुरुस्ती पण जोडा, आणि निकाल अंतिम झाल्याचा दाखला असेल तर तोही.

क्रम साधारण असा, आधी कोर्टाची सर्टिफाइड कॉपी, मग अपोस्टिल, म्हणजे कागदावरचे सही-शिक्के खरे असल्याचा परदेशात चालणारा सरकारी दाखला, आणि मग भाषांतर, त्यामुळे अपोस्टिलचा मजकूरही त्यात येतो. पण काही देशांत त्यांच्याच यादीतला शपथबद्ध भाषांतरकार लागतो, त्यामुळे पैसे भरायच्या आधी तिथल्या वकिलाला विचारा.