'कापार्रा' म्हणजे इसार की नुसती आगाऊ रक्कम?

निळी छत्री: सप्टेंबरात वेरोनाला जायचं होतं. एका लहानशा हॉटेलला थेट बँकेतून २४० युरो पाठवले आणि त्यांचा लेखी होकारही आला. परवा मेल आला की खोली देता येत नाही, क्षमस्व. पैशांबद्दल अवाक्षर नाही. इटालियन दोन वर्षं शिकले आहे, म्हणून तक्रारपत्र त्यांच्याच भाषेत लिहितेय. मुख्य वाक्य असं: 'किएदो इल रिम्बोर्सो देल्लाक्कोन्तो', म्हणजे आगाऊ रक्कम परत द्या. पण त्यांच्या होकारात 'आक्कोन्तो' नाही, 'कापार्रा कोन्फिर्मातोरिया' आहे. माझ्या शब्दकोशात दोन्हींना अ‍ॅडव्हान्सच दिलंय. कुठला शब्द ठेवू?

बोरूबहाद्दर: काही फरक नाही हो. पैसे परत मिळाल्याशी मतलब. मागच्या वर्षी गोव्यातल्या हॉटेलने आमचं बुकिंग असंच रद्द केलं होतं. मी कार्डाच्या बँकेला कळवलं, तीन आठवड्यांत पैसे जमा. तुम्हीही तेच करा.

निळी छत्री: मी कार्डाने दिलेच नाहीत. आणि प्रश्न शब्दाचा आहे.

ओटीवरचा: आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देतात, तोच कापार्रा. इटलीत हॉटेलने शब्द मोडला की दुप्पट परत करावी लागते. ४८० युरो मागा, बिनधास्त.

मिलानकर: ओटीवरच्यांचं अर्धं बरोबर आहे. मी इथे बारा वर्षं करारांची भाषांतरं करतो. 'आक्कोन्तो' म्हणजे किमतीचा आधी दिलेला तुकडा. व्यवहार फिसकटला की तेवढाच परत येतो, नुकसान झालं असेल तर ते वेगळं सिद्ध करावं लागतं. 'कापार्रा कोन्फिर्मातोरिया' म्हणजे शब्द पाळीन याचं तारण. नागरी संहितेचं १३८५ वं कलम सांगतं की देणाऱ्याने करार मोडला तर समोरचा ती रक्कम ठेवून घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याने मोडला तर देणारा दुप्पट मागू शकतो. पण हे आपोआप होत नाही. तुम्हाला करारातून बाहेर पडत असल्याचं कळवावं लागतं. त्याचं क्रियापद 'रेचेदेरे'.

म्हणून ताई, तुमचं वाक्य तुमच्याच विरुद्ध जातंय. स्वतःच 'आक्कोन्तो' लिहिलंत तर हॉटेल २४० पाठवून मोकळं होईल. त्याजागी असं लिहा: 'कोमूनिको दि रेचेदेरे दाल कोन्त्रात्तो ए किएदो ला रेस्तितुत्सिओने देल दोप्पिओ देल्ला कापार्रा.' कराराबाहेर पडत आहे आणि कापार्राच्या दुपटीची मागणी करते, एवढाच अर्थ. खाली कलमाचा आकडा आणि पंधरा दिवसांची मुदत टाका.

दुप्पट मागितलीत की त्याच पत्रात विमानाच्या तिकिटाचं नुकसान जोडू नका. दुप्पट हीच ठरलेली भरपाई आहे. नुकसान जास्त असेल तर तो वेगळा मार्ग, आणि तिथे पावत्या लागतात.

निळी छत्री: बापरे! मग विषयाच्या ओळीत 'ला मीआ दिस्देत्ता' लिहिलंय, तेवढं तरी चालेल ना?

मिलानकर: तेच तर मोठं दुखणं. 'माझी दिस्देत्ता' म्हणजे तुम्ही स्वतः बुकिंग मोडलंत. मग वरच्या नियमाने रक्कम हॉटेलची! 'कान्चेल्लात्सिओने दा पार्ते वोस्त्रा' लिहा, म्हणजे रद्द हॉटेलने केलं हे त्यांच्या माथी राहील. गंमत म्हणजे 'के दिस्देत्ता!' म्हणजे 'काय हे दुर्दैव!'. तुमच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू व्हायची वेळ आली होती.

ओटीवरचा: पण आमच्या गावात इसार जप्त झाल्याचंच ऐकलंय. दुप्पट परत दिल्याचं कधी ऐकलं नाही.

मिलानकर: म्हणून तर इसार हा शब्द जवळचा असला तरी तंतोतंत नाही. मी भाषांतरात 'इसार' लिहितो आणि खाली टीप देतो.

कंदिलाचा उजेड: सुरुवात 'कारो दिरेत्तोरे'ने केली असेल तर ती काढा. ते घरगुती 'प्रिय' आहे. संस्थेला 'स्पेत्ताबिले', व्यक्तीला 'एग्रेजो'. शेवटी 'दिस्तिन्ती सालूती'. रागावलेलं पत्र आणि वर 'प्रिय', वाचणारा हसेल.

निळी छत्री: होतं तसंच! काढलं. पण एक अडचण. होकारात 'कापार्रा कोन्फिर्मातोरिया' आहे, मात्र पैसे मिळाल्याच्या पावतीवर त्यांनी 'आक्कोन्तो' छापलंय.

मिलानकर: ते आधी सांगायचं होतंत. शब्द संदिग्ध असला की इथली न्यायालयं रक्कम आक्कोन्तो मानण्याकडे झुकतात. होकार आधीचा आणि पूर्ण संज्ञेचा आहे, त्यामुळे तुमची बाजू पडलेली नाही. पण हॉटेल पावतीवर बोट ठेवणार. पत्रात होकाराची तारीख टाका, प्रत जोडा, आणि रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

बोरूबहाद्दर: म्हणजे दुप्पट मिळणार की नाही?

ओटीवरचा: मी तर म्हणतो, पावती छापील आहे, ती सगळ्यांना एकच देत असतील. होकार तुमच्या नावाचा. तोच धरायचा.

मिलानकर: युक्तिवाद चांगला आहे. हॉटेलचा वकीलही असाच एक शोधेल.