मदत हवी आहे: साप्ताहिक आणि दैनिक दिशा बरोबर येते, पण तासाच्या चार्टवरच्या एन्ट्रीचा स्टॉप लागतो

निळीरेषा

नमस्कार. मी काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत चालणारे सौदे करते आणि त्यासाठी तीन चार्ट पाहते. साप्ताहिक चार्टवर दिशा ठरवते, दैनिक चार्टवर भाव त्या दिशेच्या उलट मागे येण्याची वाट पाहते आणि तासाच्या चार्टवर तो पुन्हा वर वळला की खरेदी करते. दिशेचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो. तरीही भाव आधी माझा स्टॉप लॉस उडवतो आणि मग मला अपेक्षित असलेल्या बाजूलाच निघून जातो.

ताजे उदाहरण देते. साप्ताहिक चार्टवर तळ चढते होते, आधी 400 आणि मग 432. शिखर 520 वर झाले होते आणि वीस आठवड्यांची सरासरी 455 च्या आसपास वर सरकत होती. दैनिक चार्टवर भाव 520 पासून घसरत 472 पर्यंत आला. याच भागात, म्हणजे 470 ते 475 च्या दरम्यान, पूर्वीचे एक शिखर होते, जे ओलांडून ही तेजी पुढे गेली होती. तासाच्या चार्टवर या घसरणीतील शिखरे उतरती होती: 497, 490 आणि 484. भाव 472 वरून वळला, वाटेत 479 ला एक छोटा तळ करून वर आला आणि तासाची कॅंडल 485 वर बंद झाली. मी तिथे खरेदी केली आणि 479 ला स्टॉप ठेवला. पुढच्या सत्रात भाव 476 पर्यंत उतरला, स्टॉप लागला, आणि 472 चा तळ न मोडता भाव काही आठवड्यांत पुन्हा 520 ला पोचला.

माझा प्रश्न असा की तासाच्या चार्टवरचे वळण ओळखण्यात काही त्रुटी आहे, की स्टॉपची जागा चुकीच्या चार्टवरून घेतली जात आहे? आणि स्टॉप दैनिक चार्टवरूनच घ्यायचा असेल, तर तासाचा चार्ट पाहण्याचे प्रयोजन काय उरते?

तिहेरीसंगम

आपली अडचण स्टॉपची नसून घाईची आहे, असे मला वाटते. 485 ला आपण खरेदी केली तेव्हा साप्ताहिक आणि तासाचा चार्ट वर होता, परंतु दैनिक चार्ट अजून खालीच होता; दोन आठवडे घसरलेल्या भावाची दैनिक सरासरी इतक्यात वर वळलेली नसणार. माझा नियम असा आहे की तिन्ही चार्ट एकाच दिशेला असल्याखेरीज सौदा करायचा नाही. दैनिक सरासरी वर वळेपर्यंत आपण थांबला असता, तर 476 पर्यंतची ती घसरण आपल्या वाट्याला आलीच नसती.

जुनीवही

तिहेरीसंगम यांचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर आहे की थांबल्याने खोटी वळणे कमी होतात. परंतु या पद्धतीचा सारा लाभ दैनिक चार्ट उलट दिशेला असण्यातच आहे. साप्ताहिक तेजीत दैनिक घसरण आली म्हणून भाव 520 वरून 475 ला मिळतो. तिन्ही चार्ट एकमुखाने वर दाखवू लागेपर्यंत भाव, समजा, 503 ला पोचलेला असेल. तिथून 520 पर्यंत 17 अंश मिळण्याची आशा आणि 472 च्या खालच्या स्टॉपपर्यंत 33 अंशांची जोखीम, असा तो सौदा होतो. दिशा अधिक खात्रीची, पण हिशेब उलटा.

आता निळीरेषा यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. वळण ओळखण्यात मला त्रुटी दिसत नाही. उतरत्या शिखरांतील शेवटचे शिखर, म्हणजे 484, तासाच्या बंद भावाने ओलांडले गेले, आणि तेही दैनिक आधाराच्या पट्ट्यातून वर येऊन. हेच वळण 495 च्या आसपास, हवेत कुठेतरी झाले असते, तर मी त्याला किंमत दिली नसती. घसरण चालू असताना तासाच्या चार्टवर अशी खोटी वळणे अनेकदा येतात आणि त्यांतील बहुतेकांना दैनिक चार्टवर कसलाच टेकू नसतो.

त्रुटी 479 मध्ये आहे. आपण सौदा घेतला तो कोणत्या समजुतीवर? दैनिक घसरण 472 ला संपली, या समजुतीवर. मग ती समजूत खोटी केव्हा ठरते? भाव 472 च्या खाली गेल्यावर. 479 मोडल्याने एवढेच कळते की तासाच्या चार्टवरची पहिली उसळी थांबली, आणि पहिली उसळी थांबून भाव एकदा मागे येणे हे अशा वळणांत नेहमीचेच आहे. लक्ष्य 520, म्हणजे दैनिक आणि साप्ताहिक चार्टवरचे, आणि स्टॉप मात्र तासाच्या चार्टवरचा, अशी ही सरमिसळ आहे.

आकडे मांडून पाहा. 479 च्या स्टॉपने जोखीम 6 अंश आणि लाभ 35 अंश, म्हणजे जवळजवळ सहापट. हे प्रमाण कागदावर देखणे दिसते, पण इतका जवळचा स्टॉप टिकण्याची शक्यताच कमी असते. 470 ला स्टॉप ठेवला तर जोखीम 15 अंश होते आणि प्रमाण 2.3 पटीच्या आसपास येते. एका सौद्यात 3000 गमवायची तयारी असेल, तर पहिल्या हिशेबाने 500 शेअर घेता येतात आणि दुसऱ्याने 200. तोटा झाल्यास दोन्हीकडे तेवढाच होतो, फक्त संख्या कमी होते. बहुतेक जण स्टॉप जवळ आणतात ते मोठी संख्या घेता यावी म्हणून, असे माझे निरीक्षण आहे.

पाचमिनिटे

मी तास, पंधरा मिनिटे आणि पाच मिनिटे असे तीन चार्ट वापरतो आणि सौदा त्याच दिवशी बंद करतो. मलाही स्टॉप लागण्याचा त्रास होता. आरएसआयची मुदत 14 ऐवजी 9 केल्यावर संकेत लवकर मिळू लागले. आपण तोच बदल करून पाहावा.

जुनीवही

संकेत लवकर मिळाला असता, तर त्यांची खरेदी 485 ऐवजी कदाचित 481 ला झाली असती. त्याने जोखीम थोडी कमी होते, हे मान्य. पण 479 चा स्टॉप 476 ला तसाच लागला असता. शिवाय आपले सौदे रात्री उघडे राहत नाहीत. यांचे राहतात. पुढचे सत्र उघडतानाच भाव चार-पाच अंशांची उडी मारून खाली उघडला, तर तासाच्या चार्टवरून काढलेला सहा अंशांचा स्टॉप असून नसल्यासारखा होतो. रात्र ओलांडणाऱ्या सौद्याचा स्टॉप त्या शेअरच्या नेहमीच्या दिवसभराच्या हालचालीशी ताडून पाहावा, याचे हेही एक कारण आहे.

निळीरेषा

जुनीवही, आपले विवेचन पटले. परंतु माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. स्टॉप 470 ला आणि लक्ष्य 520 असेल, तर दैनिक चार्टवर आधाराजवळ सरळ खरेदी का करू नये?

जुनीवही

करता येते. अनेक जण तसेच करतात. अलेक्झांडर एल्डर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या ट्रिपल स्क्रीन पद्धतीचा उल्लेख अशा चर्चांत हटकून येतो आणि तिचा तिसरा पडदा म्हणजे तासाचा चार्ट, असे बरेच जण धरून चालतात. मूळ मांडणीत तिसऱ्या पडद्यावर वेगळा चार्टच नव्हता. आदल्या दिवसाच्या उच्चांकाच्या किंचित वर खरेदीची ऑर्डर ठेवायची आणि भाव घसरत राहिला, तर तीही रोज खाली आणायची, एवढेच होते. घसरण थांबली नाही तर ऑर्डर लागत नाही आणि साप्ताहिक दिशा पालटली तर ती रद्द होते.

तासाच्या चार्टचा उपयोग मी एकाच कामासाठी करतो: स्टॉप न हलवता त्याच्यापासूनचे अंतर कमी करणे. आपल्या उदाहरणात 485 ओलांडल्यावर लगेच न घेता भाव मागे येण्याची वाट पाहिली असती, तर तो 476 पर्यंत आला, तिथे 472 पेक्षा वरचा तळ झाला, आणि पुन्हा वळताना 480 च्या आसपास खरेदी झाली असती. स्टॉप तोच, 470. जोखीम 10 अंश, लाभ 40, म्हणजे चौपट, आणि हे चौपट खरे आहे, कारण स्टॉप जागेवर आहे. मात्र काही वेळा भाव मागे येतच नाही आणि सौदा हातचा जातो. सर्वांत जोरदार तेजी बहुधा अशाच वेळी सुटते.

तिहेरीसंगम

म्हणजे आपणही थांबायलाच सांगत आहात.

जुनीवही

थांबायला सांगतो आहे, पण भाव खाली येण्यासाठी. आपण भाव वर जाईपर्यंत थांबता.

निळीरेषा

आणखी एक शंका विचारते. मी साप्ताहिक सरासरीची अट ट्रेडिंगव्ह्यूच्या स्क्रिप्टमध्ये घालून तासाच्या चार्टवर जुने सौदे तपासले, तेव्हा ती अट जवळजवळ कधीच चुकलेली दिसली नाही. प्रत्यक्ष बाजारात मात्र मंगळवारी दिसलेली तेजी शुक्रवारी नाहीशी झालेली असते.

सूत्रधार

स्क्रिप्टमध्ये `lookahead_on` असावे आणि त्याच्या जोडीला `[1]` नसावे, असा माझा तर्क आहे. तसे असेल तर जुन्या सोमवारच्या कॅंडलला त्याच आठवड्याच्या शुक्रवारचा बंद भाव आधीच ठाऊक असतो. मग अट चुकणार कशी? `lookahead_off` केल्याने जुने भाग प्रामाणिक होतात, पण चालू आठवड्यात अपुऱ्या कॅंडलचे मूल्य सतत बदलत राहते, त्यामुळे जुन्या आणि चालू भागांची तुलना होऊ शकत नाही. पूर्ण झालेल्या आठवड्याचेच मूल्य दोन्हीकडे हवे असेल, तर असे लिहावे:

```
w = request.security(syminfo.tickerid, "W", ta.ema(close, 20)[1], lookahead = barmerge.lookahead_on)
```

याची किंमत अशी की साप्ताहिक दिशेची माहिती आठवडाभर जुनी असू शकते. जाता जाता, तासाच्या कॅंडलही तपासून घ्याव्यात. सत्राची लांबी पूर्ण तासांत बसत नसेल, तर एक कॅंडल अपुरी राहते आणि काही ठिकाणी कॅंडल सत्राच्या सुरुवातीपासून मोजतात, तर काही ठिकाणी घड्याळाच्या तासाप्रमाणे. "तासाचा बंद भाव 484 च्या वर" ही अट त्यामुळे दोन चार्टवर वेगवेगळ्या वेळी पूर्ण झालेली दिसू शकते.

निळीरेषा

`[1]` खरोखरच नव्हते. ते घालून पुन्हा तपासते. पण मग बुधवारी भाव साप्ताहिक तळाच्या, म्हणजे 432 च्या, खाली गेला, तरी शुक्रवारपर्यंत साप्ताहिक दिशा वरच धरायची का?

सूत्रधार

माझ्या मते होय. नियम आठवड्याच्या बंद भावाचा असेल, तर तो दोन्ही दिशांना पाळावा. नाहीतर तपासणी एका नियमाची आणि सौदे दुसऱ्याच नियमाचे होतात.

जुनीवही

इथे माझे मत वेगळे आहे. खरेदीची परवानगी देण्यासाठी मी पूर्ण झालेली कॅंडल मागतो, पण ती काढून घेण्यासाठी 432 चा भंग मला बुधवारीही पुरतो. यामुळे कधीकधी शुक्रवारी भाव पुन्हा वर आलेला दिसतो आणि चांगला सौदा सुटतो, हे सूत्रधार दाखवून देऊ शकतील. निळीरेषा, आपण पुन्हा तपासणारच आहात, तर दोन्ही प्रकारे तपासून निकाल इथे लिहावा.