४ वर्षांनंतर लेथची किंमत

> भोसरीच्या वर्कशॉपमधलं लेथ ४ लाखांचं, घसारा दरवर्षी १५ टक्के. ४ वर्षांचे ६० टक्के वजा करून मला १,६०,००० मिळाले. सीए २,०८,८०२ म्हणतात. चुकतंय कोण?

सीए बरोबर आहेत. तुमच्या रीतीने सातव्या वर्षी १०५ टक्के वजा होतील, म्हणजे लेथ शून्याच्याही खाली!

१५ टक्के दरवेळी मूळ किमतीवर नाही, वर्षाच्या सुरुवातीला उरलेल्या किमतीवर लागतात. पहिल्या वर्षी ६०,००० गेले, उरले ३,४०,०००. दुसऱ्या वर्षी त्याचे १५ टक्के, म्हणजे ५१,०००च गेले. उरले २,८९,०००. पुढे २,४५,६५० आणि मग २,०८,८०२.५०. दरवर्षी ८५ टक्के उरतात, म्हणून थेट असं:

```
400000 × 0.85^4 = 208802.5
```

बरेच जण इथे 0.15 चा घात करतात आणि उत्तर दोनशे रुपयांच्या आसपास येतं. भंगारवालासुद्धा जास्त देईल.

एक मात्र बघा, लेथ कधी सुरू केलं? आयकराच्या हिशोबात पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला, तर त्या वर्षी निम्माच दर, साडेसात टक्के. डिसेंबरमध्ये सुरू केलं असेल तर आकडा २,२७,२२६ येईल. आणि ही वहीतली किंमत झाली. बाजारात गिऱ्हाईक काय देईल ते वेगळं.