सणाच्या पंधरवड्यात मेल आणि एसएमएस कधी सोडायचे?

नवखा विक्रेता: सणाआधीचे पंधरा दिवस सगळ्यांच्याच ऑफर्सचा मारा चालू असतो. १,२०,००० नंबरांना एसएमएस आणि जवळपास तेवढेच मेल पाठवायचे आहेत. कोणता दिवस, किती वाजता?

दहाच्या ठोक्याला: सरळ मंगळवार, सकाळी दहा. आमचा ओपन रेट दहालाच सगळ्यात जास्त येतो.

आकडेमोड: ओपन रेटवर जाऊ नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय चालू असेल तर मेलमधली चित्रं आधीच उतरवली जातात, आणि मेल उघडल्याची नोंद त्या चित्रांवरूनच होते. माणसाने मेल पाहिलाही नाही, तरी तो उघडला असं दिसतं. क्लिक आणि ऑर्डर बघा.

आणि दहाला सोडलेला एसएमएस दहाला पोचतोच असं नाही. देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरं मिळतात. मजकूर ११० अक्षरांचा असेल तर दोन भाग होतात, म्हणजे १,२०,००० जणांना २,४०,००० भाग. तुमच्या सेवादाराने सेकंदाला ४० भागांचा वेग दिला असेल तर लागतात ६,००० सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. ऑफर 'बारापर्यंत' असेल तर शेवटच्या माणसाच्या हातात वीसच मिनिटं उरतात! मजकूर ७० अक्षरांत बसवला तर पन्नास मिनिटांत काम होतं. त्यात बरोबर दहाला सगळेच सोडतात, म्हणून मी १०:२० घेईन. डिलिव्हरी रिपोर्टमध्ये पाठवल्याची आणि पोचल्याची वेळ शेजारी ठेवून बघा. फरक वाढत चालला असेल तर रांग तुंबली आहे.

क्लासवाल्या ताई: आम्ही फीच्या आठवणीचे मेसेज शनिवारी दुपारी पाठवतो, लगेच पैसे येतात. तुम्हीही शनिवार धरा.

आकडेमोड: ताई, फी त्यांना भरायचीच असते. इथे ग्राहकासमोर दहा पर्याय आहेत.

उशिराच बरं: वेळेवर काय भांडताय, दिवस महत्त्वाचा. गर्दी ओसरल्यावर, शेवटच्या दोन दिवसांत सोडा. तेव्हाच घाईचे लोक घेतात.

आकडेमोड: आणि माल पोचणार कधी? पार्सलला चार दिवस लागत असतील तर त्या ऑर्डरी सणानंतर पोचतील आणि रद्द होतील. आधी शेवटची ऑर्डर तारीख ठरवा, एसएमएस तिच्या आदल्या दिवशी. मेल मात्र पंधरवडा सुरू होण्याआधीपासून, हळूहळू संख्या वाढवत. एरवी आठवड्याला वीस हजार जाणारे मेल एकदम लाखावर नेले तर मेलसेवा ते थोपवतात. लॉगमध्ये 421, म्हणजे 'आत्ता नको, नंतर पाठवा' असं उत्तर दिसू लागलं की वेग कमी करा.

उशिराच बरं: पण लवकर गेलेला मेल लोक विसरतात. तुलना करून ठेवतात आणि घेतात दुसरीकडून.

आकडेमोड: हे होतं, नाकारत नाही. म्हणून दहा टक्के यादीला काहीच पाठवू नका आणि बाकीच्यांची निम्मी लवकर, निम्मी उशिरा सोडा. सणानंतर तिन्ही गटांत माणशी किती ऑर्डरी आल्या ते बघा.

दहाच्या ठोक्याला: दहा टक्के सणात रिकामे ठेवायचे? मालक मला हाकलतील.