दसऱ्याला समोरच्या घरी उपास होता, आता शुभेच्छा द्यायच्या कशा?

घंटाळीची_सून: आम्ही ठाण्यात राहतो. गेल्या महिन्यात समोर एक कुटुंब आलं. बोलतात मराठीच, आडनावही कोकणातल्या गावावरून पडलेलं. काल दसऱ्याला आपट्याची पानं आणि श्रीखंड घेऊन गेले, तर घरातले सगळे पांढऱ्या कपड्यांत, चेहरे सुकलेले. काकूंनी पानं घेतली, श्रीखंड मात्र "उद्या चालेल का गं?" म्हणून परत दिलं. मी "हॅप्पी दसरा" म्हणून आले. त्यांचा कसला दिवस होता, कळलं नाही. चुकलं का माझं? आणि पुढे बोलू काय?

कळव्याचा_बंड्या: पांढरे कपडे आणि उपास म्हणजे जैन असणार. "मिच्छामि दुक्कडम्" म्हणा, खूश होतील.

मीनल_घोडबंदर: बंड्याभाऊ, पर्युषण गणपतीतच आटोपलं. आणि अंदाजाने दुसऱ्यांचे शब्द वापरण्यापेक्षा "सणाच्या शुभेच्छा" म्हणावं. कुणालाही, कधीही चालतं.

नेरुळकर: कधीही नाही चालत, मीनलताई. मी एका मल्याळी शेजाऱ्यांना एप्रिलमध्ये "हॅप्पी ओणम" म्हणालो. त्यांचा विशू होता. ते हसले, पायसम देऊन पाठवलं. पण त्याच वर्षी मोहरमच्या दहाव्या दिवशी एका शिया मित्राला "मुबारक" म्हणालो आणि तो गप्पच झाला. त्यांचा तो शोकाचा दिवस. नाव चुकलं तर माणसं सांभाळून घेतात, पण दुःखाच्या दिवशी अभिनंदन केलेलं लागतं. ती बोच मला अजून आहे.

रिवका_टेंभीनाका: ताई, तुमचे शेजारी बहुतेक आमच्यातले, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. खात्री मी देणार नाही, पण दाराच्या उजव्या चौकटीवर बोटभर लांबीची डबी आहे का बघा. यंदा, 2025 साली, 2 ऑक्टोबरला दसरा आणि आमचा योम किप्पूर एकाच दिवशी आले. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या रात्री तारे दिसेपर्यंत, साधारण 25 तास, पाणीसुद्धा नाही. वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची, पांढरं नेसायचं, दिवस सिनेगॉगमध्ये घालवायचा. टेंभी नाक्याजवळचं आमचं सिनेगॉग 1879 सालचं आहे. तो शोकाचा दिवस नाही, पण "हॅप्पी" म्हणायचाही नाही. काकूंनी पानं घेतली ना? मग मनात काही ठेवलेलं नाही त्यांनी.

घंटाळीची_सून: डबी आहे! मला ती बेल वाटली होती.

खारघर_से: श्रीखंडाऐवजी सुकामेवा न्यायचा होता. वाशीच्या मार्केटात स्वस्त मिळतो.

शिक्षक_निवृत्त: प्रश्न खाऊचा नाही. माझी चाळीस वर्षं मिश्र वस्तीत गेली. सण माहीत नसेल तेव्हा मी दिवसाचं नाव घेत नाही आणि आनंदाचाही उल्लेख करत नाही. ऋतू आणि घर, एवढंच धरतो. "पावसाळा सरला. तुमच्या घरी उपास-प्रार्थनेचे दिवस असतील तर ते नीट पार पडोत, आणि पुढचे महिने सगळ्यांना आरोग्याचे जावोत." उपास असो, पाडवा असो की श्राद्ध, यातलं एकही वाक्य खोटं पडत नाही. "प्रकाशाचा सण", "रंगांची उधळण" असले शब्द टाळा, ते आपल्याच सणांचे आहेत.

मीनल_घोडबंदर: सर, एवढं लांब दारात उभं राहून कोण बोलेल? त्यापेक्षा सरळ विचारावं, "आज काय आहे तुमच्याकडे?"

शिक्षक_निवृत्त: विचारावंच, पण त्या दिवशी नको. उपाशी माणसाला उंबऱ्यात उभं करून धर्म समजावायला लावू नये. दोन दिवसांनी जिन्यात भेटल्यावर विचारा. आणि लांब वाटत असेल तर "पुढचे दिवस सुखाचे जावोत" एवढंच पुरे.

रिवका_टेंभीनाका: मी मीनलताईंच्या बाजूने. मला कुणी विचारलं की बरं वाटतं, उपास असला तरी. माझ्या सासूबाईंना नाही आवडत. घराघरावर आहे ते.

घंटाळीची_सून: सोमवारी कोजागरी आहे. मसाला दूध घेऊन जाऊ का?

रिवका_टेंभीनाका: त्याच संध्याकाळी आमचा सुक्कोथ सुरू होतो, तोही पौर्णिमेलाच. हा मात्र आनंदाचा सण, तेव्हा मनमोकळं बोला. फक्त दूध नको. सणाच्या जेवणात मटण असलं तर त्यावर आम्ही दूध घेत नाही, आणि काकूंना पुन्हा "उद्या" म्हणावं लागेल. अख्खी फळं न्या, सीताफळं नाहीतर डाळिंबं. "चांदणं छान पडलंय, तुमच्या घरी सगळं सुखाचं होवो" म्हणा.

नेरुळकर: आणि डबी दिसली म्हणून "तुम्ही ज्यू ना?" असं विचारू नका. सांगायचं ते त्यांना सांगू द्या.

मीनल_घोडबंदर: हे मला नाही पटत. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

घंटाळीची_सून: सीताफळं आणते. विचारायचं की नाही ते काकूंचा चेहरा बघून ठरवते.