अनुभव धागा: उशिरा आलेल्या मैत्रिणीला अर्धी कादंबरी कशी सांगितलीत?

पानखूण: आमच्या वाचनगटात सध्या व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' चालू आहे. अर्धी झाली तेव्हा एक मैत्रीण नव्याने आली. दोन दिवसांनी बैठक, तिच्या हाती पुस्तक नुकतंच आलेलं. "आत्तापर्यंतचं सांग, पुढचं काही कळू देऊ नकोस," म्हणाली. मी कादंबरी पूर्वी दोनदा वाचली आहे, त्यामुळे मला वाटलं सोपं आहे.

फोनवर सांगितलं: औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर येतो, शाळेत पोरं नाहीत, म्हातारा कारभारी पाठीशी उभा राहतो, अंजीच्या चोळीवरून दोघांत बिनसतं, मग वाडीनं मिळून तालीम बांधायची असं ठरतं. इथपर्यंत ठीक. पण तालमीचं सांगताना माझ्या तोंडून गेलं, "हे लक्षात ठेव हं." बैठकीत तिने विचारलं, "तालमीचं पुढे काहीतरी होणार ना?" मी एकही घटना फोडली नव्हती, तरी तिचं वाचन वाकडं केलं. तुमचे अनुभव लिहा.

सांजवात: माझंही असंच झालं आहे. शेवट माहीत असलेल्याचा आवाजच चुगली करतो. कुठे थांबलात, कोणाचं नाव दोनदा घेतलंत, एवढ्यावरून ऐकणाऱ्याला वास लागतो. म्हणून आमच्याकडे आता जी व्यक्ती पहिल्यांदाच वाचते आहे आणि अर्ध्यावरच थांबली आहे, तीच नव्याला सांगते. तिला पुढचं माहीतच नसतं. ती बिनमहत्त्वाच्या माणसावर पाच मिनिटं बोलते आणि तेच बरं असतं.

डोंबिवलीची आत्या: मी सरळ सिनेमा बघून गेले होते. अमोल पालेकरांचा, १९९५ चा. छान आहे.

पानखूण: आत्या, सिनेमात गोष्ट शेवटापर्यंत जाते ना! तिला निम्म्यावरच थांबायचं होतं.

डोंबिवलीची आत्या: हो गं, ते लक्षातच आलं नाही. पण बैठकीत मला बोलता आलं.

रात्रपाळी: नियम एकच ठेवा: फक्त घटना सांगायच्या, स्वतःचं मत शून्य. मग काही फुटत नाही.

जुनी वही: रात्रपाळी, रहस्यकथेपुरतं निम्मं पटतं. 'कोसला'ला ते लावून बघा. पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो, वसतिगृहात राहतो, मेसची भानगड होते, पैसे संपतात. घटना सगळ्या आल्या, पण 'कोसला' कुठे आली? ती त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'मध्ये आहे. मी मित्राला घटना पाच वाक्यांत उरकल्या आणि सुरुवातीची तीन पानं मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्या बैठकीत तो आमच्याइतकाच भांडला.

रहस्यकथेतही नुसत्या घटनांनी भागत नाही. एकदा (पुस्तकाचं नाव घेत नाही, घेतलं तर इथेच फुटेल) मी बाकी सगळीकडे "अमका मेला, तमका मेला" असं सांगितलं आणि एकाच ठिकाणी जपून "मेल्याचं सगळ्यांना वाटतं" म्हणालो. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून. मैत्रिणीने तिथेच पकडलं. सावधगिरी एकाच जागी दिसली की ती खूण होते. तेव्हापासून मी पुस्तकातल्या माणसांना त्या पानापर्यंत जे खरं वाटतं तेच, त्यांच्याच खात्रीने सांगतो. त्यांचा गैरसमज झाला असेल तर तो गैरसमजही तसाच सांगायचा.

रात्रपाळी: म्हणजे मुद्दाम चुकीचं सांगायचं? मला हे जमणार नाही.

जुनी वही: लेखकानेही त्या पानापर्यंत तेवढंच सांगितलेलं असतं.

सांजवात: पानखूण, पुढच्या वेळी फोनवर न सांगता लिहून दे. लिहिलेलं परत वाचता येतं. मी "पुढे", "नंतर", "अजून तरी", "सध्या" हे शब्द शोधून खोडते. "कारभारी अजून तरी बोलत नाही" लिहिलं की पुढे बोलणार हे सांगून झालं. "कारभारी बोलत नाही" एवढं पुरे.

पानखूण: हे करते. आणखी एक अडलं आहे. शेकूच्या नांगरणीचा प्रसंग आम्ही सगळ्यांनी वाचून झाला आहे, म्हणजे तो सांगायला हरकत नाही. पण मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले होते. तो सारांशात एका ओळीत सांगणं मला अन्यायाचं वाटलं. मी गाळला, आणि त्या पानांत चिठ्ठी घालून दिली: एवढं तू स्वतः वाच.

रात्रपाळी: चिठ्ठी घातली म्हणजे "हे लक्षात ठेव"च झालं की.

पानखूण: मलाही तीच शंका आहे. पण ओळीत उरकवत नाही. तुम्ही काय केलं असतं?